ट्रंकेतला फोटो आणि हरवलेला माणूस

श्रोतेहो, आपल्याकडे पुष्कळ घरांतून एक लोखंडी ट्रंक असते आणि तिच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा फोटो असतो. कुणाच्या तरी लग्नातला. खुर्च्यांवर वडीलधारी बसलेली, पुढे सतरंजीवर पोरेटोरे आणि मागे उभ्या तरुणांपैकी एकाकडे बोट दाखवून घरातली म्हातारी म्हणते, "हा आमचा थोरला. मुंबईला गेला तो गेला." अशा माणसाचा शोध घ्यायचा झाला तर त्या फोटोचा उपयोग कसा करावा, आणि कसा करू नये, हे मी आज सांगणार आहे. मी काही पोलीस खात्यातला नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस. परंतु एका शोधात मी अर्ज लिहिण्यापासून शेवटपर्यंत होतो, आणि त्यात आम्ही ज्या चुका केल्या त्या सांगण्याजोग्या आहेत.

आमच्या ग्रंथालयात काम करणारे एक गृहस्थ सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातले. त्यांचे थोरले बंधू मुंबईत गिरणीत, साचा खात्यात कामाला होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कसा लांबला हे आपणांस ठाऊक आहेच. हे बंधू काही दिवस गावी येऊन राहिले, मग भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेले. तिथून 1985 साली एक पोस्टकार्ड आले, त्यानंतर काही नाही. पुढे 2022 साली आई ब्याऐंशी वर्षांची झाली आणि तिने एकच धोशा लावला, "बाबा, तो आहे का नाही तेवढं मला कळू दे." हाताशी काय, तर बहिणीच्या लग्नातला 1981 सालचा एक फोटो.

फोटो काचेच्या चौकटीत होता. आमच्या मित्रांनी तो सोडवायला घेतला आणि मी त्यांचा हात धरला. जुन्या फोटोचा पृष्ठभाग जिलेटिनचा असतो. पावसाळ्यातल्या दमटपणाने तो काचेला चिकटतो, आणि ओढला तर चेहराच काचेवर राहून जातो. चिकटलेला असेल तर काचेसकटच त्याची प्रत काढावी. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो ठेवावा, मोबाईल त्याला अगदी समांतर धरावा आणि फ्लॅश लावू नये, नाहीतर काचेवर पांढरा गोळा उमटतो. चौकटीतला फोटो सुटा निघाला तर पाठ जरूर पाहावी. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, कधी निगेटिव्हचा नंबर असतो, कधी मामांनी पेन्सिलीने लिहिलेली नावे असतात. आपण काही लिहायचे तर मऊ पेन्सिलीनेच, बॉलपेनने नको, कारण त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आणि मूळ फोटो कोणालाही द्यायचा नाही. कचेरीत नाही, ओळखीच्या पत्रकाराला नाही, "दोन दिवसांत परत करतो" म्हणणाऱ्या भल्या माणसालाही नाही. द्यायची ती प्रत.

प्रत काढताना स्टुडिओवाला हौसेने म्हणेल, "सर, जरा साफ करून देतो." नको म्हणावे. डाग काढता काढता तो गालावरचा तीळही काढील. पूर्वीचे कारागीर तर निगेटिव्हवरच पेन्सिल चालवून सुरकुत्या आणि तीळ पुसत असत, तेव्हा जुन्या फोटोत खूण दिसत नाही म्हणून ती माणसाला नव्हतीच असे समजू नये. त्याबद्दल घरच्या माणसांना विचारावे.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. तिने पुढे आमच्या बाबतीत मोठे काम केले. घरात त्याच लग्नाच्या दोन प्रती निघाल्या. एक जुनी, चौकटीतली, आणि एक पुतण्याने कुठून तरी मोठी करून आणलेली. एका प्रतीत बंधूंच्या डाव्या गालावर तीळ, दुसरीत उजव्या. आई म्हणाली डावा. मावशी म्हणाली उजवा. दोघी अर्थातच भांडल्या. खरे काय ते फोटोतच होते. पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे फोटो पाहणाऱ्याला तो उजव्या हाताला दिसला पाहिजे. पुतण्याच्या प्रतीत सगळ्या पुरुषांचे खिसे उलट्या बाजूला होते. प्रत काढताना निगेटिव्ह पालथी पडली की असे होते, आणि मोबाईलवरही एका बोटाने चित्र उलटे करता येते. मागे पाटी असेल तर तिची अक्षरे पाहावीत, नसेल तर खिसे पाहावेत. तीळ डावाच होता. त्या दिवसापासून आम्ही कागदावर "त्याच्या स्वतःच्या डाव्या गालावर" असे लिहू लागलो, कारण समोरून पाहणाऱ्याचा डावा आणि त्या माणसाचा डावा यांत नेहमी घोळ होतो.

फोटोत काय पाहायचे? केस, मिशा आणि अंगाची भरण ही तर आठ-दहा वर्षांतच बदलतात, मग चाळीस वर्षांची गोष्टच सोडा. कानाची घडण मात्र पुष्कळशी टिकते. पाळी गालाला चिकटलेली की सुटी, वरची कड कशी वळलेली, हे फोटो चांगला असेल तर दिसते. म्हातारपणी कान थोडा लांबतो, पण मूळ आकार कळतो. जुन्या जखमेचा वण टिकतो. दातांवर भरवसा ठेवू नये, ते पडतात. याशिवाय एक युक्ती आम्हांला सुचली ती सांगतो. बंधू 2022 साली चौसष्ट वर्षांचे असणार आणि फोटोत ते तेवीस वर्षांचे. म्हणून आम्ही त्यांच्या वडिलांचा साठीनंतरचा फोटोही जोडला आणि खाली स्पष्ट लिहिले, "हे वडील आहेत, हरवलेली व्यक्ती नव्हे." मुख्य फोटोखाली लिहिले, "फोटो 1981 सालचा, तेव्हा वय 23, आज वय 64." ही ओळ नसेल तर पाहणारा तेवीस वर्षांचा पोरगा शोधत बसतो.

मंडळी, फोटो घेऊन लगेच चावडीवर जायचे कारण नाही. आधी फोटोतल्या माणसांकडे जावे. त्या काळी गावोगावच्या गिरणी कामगारांची मुंबईत गावकीची खोली असे. एका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस माणसे झोपत, जेवण खानावळीत. आमच्या फोटोत मागच्या रांगेत बंधूंच्या शेजारी एक तरुण उभा होता, तो घरातला नव्हता. आईला आठवले, तो खोलीवरचा सोबती, लग्नाला आला होता. त्याचे गाव माहीत होते. हा धागा ध्यानात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येऊ. पूर्ण समूहफोटो दाखवायचा तो असा, समोर बसून, ओळखीच्या माणसाला. बाहेर द्यायचा तो मात्र फक्त हरवलेल्या माणसाचा चेहरा कापून काढलेला. त्या फोटोत लेकी-सुना आहेत, तेव्हाची लहान मुले आज कोणाकोणाच्या घरी नांदत आहेत. त्यांचे चेहरे गावभर फिरवण्याची परवानगी आपल्याला कोणी दिली?

यानंतर पोलीस ठाणे. "इतकी वर्षं झाली, आता काय?" असे आम्हांला एका ठिकाणी सांगण्यात आले. वास्तविक हरवलेल्या माणसाची नोंद करायला काळाची मुदत नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत. तोंडी बोलून परत येण्याऐवजी लेखी अर्ज द्यावा, दोन प्रतींत. एक प्रत ठाण्यात, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती आपल्याजवळ. अर्ज घेतला नाही तर तोच अर्ज टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवावा. आम्हांला तसेच करावे लागले आणि पंधरवड्यात ठाण्यातून बोलावणे आले. त्या वेळी भेटलेले हवालदार, खरे सांगतो, आमच्यापेक्षा चिकाटीचे निघाले. नोंद झाली की तिचा क्रमांक मागून घ्यावा. पुढे कुठेही विचारायला गेलात तरी तोच क्रमांक उपयोगी पडतो.

अर्जात आम्ही काय लिहिले? पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, घरात हाक मारण्याचे नाव, जन्मसाल, अंदाजे उंची, येणाऱ्या भाषा, गिरणीतले खाते, शेवटचे पत्र कुठून आणि कधी आले, त्या पत्राची प्रत, सोबत्यांची नावे आणि अंगावरच्या खुणा. कपड्यांचा रंग लिहिला नाही. सदतीस वर्षांनी त्याचा उपयोग काय?

इथे शिक्षक बंधु-भगिनींना एक वेगळी सूचना. हरवलेले जर मूल असेल तर हे सगळे बाजूला ठेवा. चोवीस तास वाट पाहावी लागते ही समजूत चुकीची आहे. तत्क्षणी पोलीस ठाण्यात जावे, किंवा 112 वर अथवा मुलांसाठी असलेल्या 1098 वर कळवावे. मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा म्हणूनच नोंद करावी असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये सांगितले आहे. शाळेत मुलाचा अलीकडचा फोटो असेल तर तो पोलिसांना द्यावा, गटागटांतून सोडू नये. मूल सापडल्यावर तर त्याचा फोटो आणि नाव पुढे पाठवणे थांबवलेच पाहिजे. त्याच्यावर काय बेतले होते हे गावाला कळणे हा त्याला दुसरा त्रास, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याचीही मनाई आहे.

आमच्या गोष्टीकडे वळतो. नोंदीचा क्रमांक मिळाल्यावर दोन दिशांनी चौकशी झाली. एक, मनोरुग्णालये. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोचवणारी कर्जतची श्रद्धा संस्थाही आहे. तिचे डॉ. भरत वाटवानी यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण अशा ठिकाणी फोटो घेऊन वॉर्डावॉर्डातून फिरता येत नाही, आणि येऊही नये. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे त्यांच्यावर कायद्याने बंधन आहे. रीत अशी, की अधीक्षकांना पत्र, सोबत फोटोची प्रत आणि पोलीस नोंदीचा क्रमांक द्यायचा. ते आपल्या नोंदी पाहतात आणि उत्तर देतात. आम्हांला सगळीकडून "नाही" आले.

दुसरी दिशा सांगताना जीव कचरतो. बेवारस मृतदेहांच्या नोंदी पोलिसांकडे असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2020 सालापासून हरवलेल्या आणि ओळख न पटलेल्या माणसांच्या नोंदींत नागरिकांना स्वतः शोध घेता येईल अशी सोयही संगणकावर केली आहे. हे काम घरातल्या एकाच खंबीर माणसाने करावे, आईला त्या खोलीत बसवू नये. आणि नुसत्या चेहऱ्यावरून "हाच" असे कधीही म्हणू नये. शंका बळावली तर पोलिसांमार्फत डीएनए तपासणी होते, त्यासाठी आईचा किंवा भावाचा नमुना पुरतो. आमचे मित्र दोन संध्याकाळ ते पाहत बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजा काढली.

आता आमची चूक सांगतो. आम्ही अर्जविनंत्या करीत असतानाच पुतण्याने, चांगल्याच हेतूने, ती उलटी प्रत मोबाईलवर सोडून दिली होती. खाली गाव, आईचे नाव, "आई अंथरुणाला खिळली आहे" आणि स्वतःचा फोन नंबर. बक्षीसही लावले होते. चार दिवसांत फोन आला, "तुमचे काका आमच्याकडे आहेत, अपघात झालाय, ऑपरेशनला बारा हजार ताबडतोब पाठवा." घरात रडारड सुरू झाली. पुतण्या पैसे पाठवायच्या बेतात होता. आमच्या मित्रांनी फोन हातात घेऊन विचारले, "अंगावर काय खूण आहे?" उत्तर तयार होते, "उजव्या गालावर तीळ." म्हणजे फोटोत जे दिसले तेच त्याने वाचून दाखवले, आणि फोटो तर उलटा होता! तरी मित्रांना वाटले, माणसाची डाव्या-उजव्याची गफलतही होते. म्हणून त्यांनी दुसरा प्रश्न केला, "आणि डाव्या हाताचं काय?" पलीकडे गप्प. मग, "हाताला पट्टी बांधलीय." बंधूंच्या डाव्या करंगळीचे पेर गिरणीत साच्यात सापडून तुटले होते. फोटोत तो हात पाठीमागे होता, म्हणून ही खूण कोणाला दिसण्यासारखी नव्हती, आणि सुदैवाने पुतण्यानेही ती लिहिली नव्हती. "कुठलं इस्पितळ, कितवा वॉर्ड, आम्ही तिथल्या पोलिसांनाच पाठवतो," म्हटल्यावर फोन बंद झाला.

तेव्हा ध्यानात घ्या, फोटोत न दिसणारी एक तरी खूण आपल्यापाशी राखून ठेवायची. ती पोलिसांना अर्जात सांगायची, बाकी कोणाला नाही. जाहिरात द्यायची तर संपर्क म्हणून पोलीस ठाण्याचा दूरध्वनी आणि नोंदीचा क्रमांक द्यावा. घरचा पत्ता, आईचे दुखणे, बक्षिसाची रक्कम यांतले काही देऊ नये. फोन आलाच तर आपण खूण सुचवू नये, समोरच्याला सांगू द्यावे. आमच्या मित्रांनी "डाव्या हाताचं काय" असे विचारले तेही खरे तर जरा जास्तच झाले, "आणखी काय खूण?" एवढेच विचारायला हवे होते. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवावे, जितका उशीर तितके ते हाती लागणे कठीण.

तोतयाची भीती आपल्याला नवी नाही. पानिपतात 1761 साली सदाशिवरावभाऊ पडले, त्यानंतर त्यांचे नाव सांगणारा एक माणूस उभा राहिला आणि 1776 सालापर्यंत त्याने पुणे दरबाराला घोर लावला. तेव्हा फोटो नव्हते. पण फोटो असूनही प्रश्न सुटतो असे नाही. बंगालमध्ये ढाक्याजवळच्या भवालचा कुमार 1909 साली दार्जिलिंगला वारला असे जाहीर झाले, आणि सुमारे बारा वर्षांनी ढाक्यात आलेला एक संन्यासी तोच कुमार आहे असे लोक म्हणू लागले. खटला चालला. जुने-नवे फोटो न्यायालयापुढे आले, दोन्ही बाजूंनी जाणकार उभे केले, आणि तेच फोटो पाहून एकांनी "हाच" म्हटले, दुसऱ्यांनी "हा नव्हेच" म्हटले. अंगावरच्या खुणा आणि साक्षीपुरावा यांचा ढीग तपासून न्यायाधीशांनी 1936 साली संन्याशाच्या बाजूने निकाल दिला, तो 1946 साली प्रिव्ही कौन्सिलनेही कायम केला. निष्णात माणसांचे जिथे असे होते तिथे व्याकुळ झालेल्या आईने "माझाच तो" म्हणणे हा पुरावा धरता येत नाही. तिला आधी फोटो दाखवून मग माणूस समोर आणू नये, आधी खुणा जुळवाव्यात.

आता तो मागचा धागा. फोटोतला खोलीवरचा सोबती हयात होता, आपल्या गावी शेती पाहत होता. गिरणी कामगारांना घरे द्यायला म्हाडाने अर्ज मागवले होते, त्या खटाटोपात त्याचा जुन्या मंडळींशी संबंध राहिला होता. त्याने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "याला मी भिवंडीनंतरही भेटलोय." एका मुकादमाबरोबर बंधू यंत्रमागाच्याच दुसऱ्या एका गावी गेले होते. त्याने गावाचे नाव सांगितले. आमचे मित्र त्याच रात्री एस.टी. पकडायला निघाले होते. हवालदार म्हणाले, "तुम्ही जाऊ नका. आम्ही तिथल्या ठाण्याला कळवतो." त्या वेळी मला हा सल्ला कोरडा वाटला.

दीड महिन्याने निरोप आला. बंधू होते. करंगळीचे पेर, डाव्या गालावरचा तीळ, वडिलांचे नाव, सगळे जुळले. तिथे त्यांचा संसार होता. त्यांनी तिथल्या पोलिसांना जबाब दिला, "मी सुखरूप आहे, मला कोणी पळवलं नाही, माझा पत्ता घरी देऊ नका." सज्ञान माणूस आपखुशीने दूर राहत असेल तर त्याचा ठावठिकाणा त्याच्या मर्जीविरुद्ध सांगता येत नाही. पोलिसांनी तो आम्हांला सांगितला नाही. सोबत्याने सांगितलेले गाव मला ठाऊक आहे, मी ते इथे मुद्दाम घेतलेले नाही. का दूर राहिले, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही तर्क करीत बसलो नाही. आमचे मित्र आधी संतापले, मग त्यांनी फोटोच्या सगळ्या प्रती गोळा केल्या, पुतण्याकडून मोबाईलवरचा मजकूर काढून घेतला, जिथे जिथे पत्रे पाठवली होती तिथे "व्यक्ती मिळाली, शोध थांबवावा" असे कळवले. हे करायचे पुष्कळ जण विसरतात, आणि मग मिळालेल्या माणसाचा चेहरा वर्षानुवर्षे बेपत्ता म्हणून फिरत राहतो. ठाण्यात एक पाकीट तेवढे ठेवले, पुढे पाठवण्यासाठी. त्यात आईचे चार ओळींचे पत्र होते आणि लग्नाच्या फोटोची सरळ प्रत.

दिवाळीच्या सुमारास ठाण्यातूनच एक पाकीट परत आले. पत्र नव्हते, पत्ता नव्हता. एक रंगीत फोटो होता. टक्कल पडलेला, चष्मा लावलेला एक माणूस खुर्चीवर बसला आहे, मांडीवर नातवंड आहे. आईला डोळ्यांनी नीट दिसत नाही. तिने दोन्ही फोटो खिडकीशी नेले, शेजारी शेजारी धरले आणि कानाच्या जागी बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या बापासारखाच झालाय." तो नवा फोटो आता ट्रंकेत नाही, देवघराच्या शेजारच्या भिंतीवर आहे. काचेपासून जरा सुटा राहील अशी पुठ्ठ्याची पट्टी मध्ये घालून आम्हीच तो चौकटीत बसवला.